पौंडाची खरी किंमत कोणती?

हैदराबादेतील एखाद्या जुन्या मराठी घरातून हिशेबाची वही निघाली, तर तीत रकमेच्या मागे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ हा शब्द हटकून आढळतो. निजामाचा हाली शिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया ही दोन नाणी तेथे शेजारी शेजारी नांदत असत. सरकारी हिशेबात शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा भाव धरीत. म्हणजे सहा कलदारांस सात हाली. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात हाली चलन इतिहासजमा झाले. पण त्या भावाने एक प्रश्न मागे ठेवला आहे, आणि तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. दोन चलनांचा परस्परांशी भाव कशावरून ठरावा? ‘इतका भाव रास्त, इतका गैर’ असे म्हणण्यास काही मोजमाप आहे काय?

सरळ विचार करणारा माणूस म्हणेल की, नाणे हे काही खाण्याची किंवा नेसण्याची वस्तू नव्हे. त्याची किंमत ते बाजारातून काय आणू शकते यावर आहे. जे धोतर सोलापुरात सहा कलदारांस मिळते, तेच हैदराबादेत सात हालींस मिळत असेल, तर सहास सात हा भाव बरोबर आहे. हैदराबादेत त्यास आठ हाली पडू लागले, तर व्यापारी सोलापुराहून धोतरे आणील. त्यासाठी त्यास कलदार लागतील, कलदारांस मागणी वाढेल, आणि धोतराची किंमत व नाण्यांचा भाव यांपैकी एकाला तरी सरकावे लागेल. अर्थशास्त्रात या विचारास क्रयशक्ती-समता म्हणतात. सर्व वस्तूंची एकच टोपली दोन्ही देशांत घेऊन तिच्या दोन किमतींचे गुणोत्तर म्हणजेच हुंडणावळीचा योग्य दर, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती या सिद्धान्ताची निरपेक्ष आवृत्ती होय.

ही कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकात अमेरिकेतून स्पेनमध्ये सोन्यारुप्याचा पूर आला आणि तेथील भाव चढले. त्या वेळी सालामांका येथील विद्वान धर्मशास्त्री मार्टिन दे आझ्पिलकुएता यांच्यापुढे असा प्रश्न होता की, एका गावी पैसे देऊन दुसऱ्या गावी अधिक पैसे घेणारा हुंडीवाला व्याजखोरीचे पाप करतो काय? १५५६ साली त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, जेथे पैसा मुबलक तेथे तो स्वस्त व वस्तू महाग, जेथे पैसा दुर्मिळ तेथे तो मोलाचा. तेव्हा दोन ठिकाणच्या पैशांत फरक असणे यात आपोआप पाप नाही. गोव्यात ज्यांचे पार्थिव अवशेष जतन केले आहेत, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे हे आझ्पिलकुएता आप्त होत.

परंतु निरपेक्ष आवृत्ती व्यवहारात आणू गेल्यास ती लवकरच अडखळते. धोतर आगगाडीतून जाते. न्हाव्याचा वस्तरा, शिक्षकाचा तास आणि राहत्या घराचे भाडे हे आगगाडीतून जात नाहीत. न्यूयॉर्कमध्ये केस कापण्यास जे पैसे पडतात त्यांच्या लहानशा हिश्श्यात ते काम इंदुरात होते. पण म्हणून कोणी न्यूयॉर्कहून इंदुरास हजामतीसाठी येत नाही. साहजिकच गरीब देशांत अशा सेवा कायमच्या स्वस्त राहतात. २०२१ सालासाठी जागतिक बँकेने केलेल्या तुलनेत, अमेरिकेत एका डॉलरात जे मिळते ते भारतात घेण्यास सुमारे २० रुपये पुरत होते. त्याच वर्षी बाजारात डॉलर मात्र सुमारे ७४ रुपयांस होता. यावरून ‘रुपया लवकरच २० वर येणार’ असे भाकीत कोणी केल्यास तो फसेल. ही तुलना राहणीमान मोजण्यास उपयोगी आहे, हुंडणावळीचे भाकीत करण्यास नाही.

मग हुंडणावळीसाठी काय करावे? याचे उत्तर पहिल्या महायुद्धाने पुढे आणले, आणि ते देणारे गृहस्थ गुस्ताव्ह कॅसल हे स्टॉकहोमचे प्राध्यापक होते. १९१४ पूर्वी इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, स्वीडन या सर्वांची चलने सोन्याशी बांधलेली होती. पौंडात किती सोने व डॉलरात किती सोने हे ठाऊक असल्यामुळे एक पौंड म्हणजे ४ डॉलर ८६ सेंट हा भाव हिशेबाने ठरूनच गेला होता. त्यासाठी सिद्धान्ताची गरज नव्हती. युद्ध सुरू होताच देशोदेशींनी सोन्याचा दोर सोडला आणि खर्च भागविण्यासाठी कागदी चलन वाढविले. कोठे भाव दुप्पट झाले, कोठे तिप्पट, कोठे त्याहूनही अधिक. आता पौंड, मार्क, क्रोनर यांचे परस्पर भाव कोणत्या खुंटीला टांगावयाचे?

कॅसल यांनी १९१६ पासून हा विचार मांडण्यास आरंभ केला आणि १९१८ च्या लेखात त्यास ‘क्रयशक्ती-समता’ हे नाव दिले. त्यांची युक्ती अशी की, दोन देशांतील किमतींची थेट तुलना करण्याच्या भानगडीत पडूच नये. ज्या काळी सर्व सुरळीत होते असे एक वर्ष पायाभूत धरावे. त्या वर्षीचा विनिमयदर न्हावी, घरभाडे, जकात, वाहतूक या सर्व फरकांसह जसा होता तसा मान्य करावा. मग तेथून पुढे दोन्ही देशांत किमती किती पट वाढल्या एवढेच पाहावे, आणि जुना दर त्या प्रमाणात बदलावा. जेथे किमती अधिक वाढल्या तेथील चलन तेवढेच उतरले पाहिजे. हीच सापेक्ष आवृत्ती. तिला दोन देशांची टोपली सारखी असावी लागत नाही; आधीचे फरक पुढेही कायम राहिले, एवढेच तिला पुरते.

हा हिशेब एकदा प्रत्यक्ष करून पाहू. १९१३ सालच्या किमती १०० मानल्या, तर १९२० साली इंग्लंडच्या घाऊक किमतींचा निर्देशांक सुमारे ३०७ वर गेला होता आणि अमेरिकेचा सुमारे २२६ वर. युद्धापूर्वीचा दर ४.८६. अमेरिकेच्या आकड्याने गुणावे, इंग्लंडच्या आकड्याने भागावे. उत्तर येते ३ डॉलर ५८ सेंट. आता बाजार काय सांगत होता ते पाहा. मार्च १९१९ मध्ये सरकारने पौंडास दिलेला टेकू काढून घेतला, त्यानंतर पौंड घसरत घसरत फेब्रुवारी १९२० मध्ये ३ डॉलर २० सेंटांच्या आसपास आला आणि पुन्हा थोडा सावरला. सबंध वर्षाची सरासरी सुमारे ३ डॉलर ६६ सेंट होती. हिशेब आणि बाजार यांत आठ सेंटांचे अंतर राहिले. जुन्या पुस्तकी दराशी ताडून पाहिले, तर तेथे एक डॉलर वीस सेंटांची तफावत होती. कॅसल यांच्या शब्दाला युरोपात वजन का आले ते यावरून ध्यानात येईल.

येथे एक चूक टाळावयास हवी, कारण ती शहाणी माणसेही करतात. इंग्लंडात किमती २०७ टक्के वाढल्या, अमेरिकेत १२६ टक्के वाढल्या. फरक ८१ टक्के, म्हणून पौंड ८१ टक्के उतरावा, असा वजाबाकीचा हिशेब केला तर पौंड एका डॉलराच्याही खाली, ९२ सेंटांवर येतो. आणि ते उघडच खोटे आहे. वजाबाकी चालते ती महागाई थोडी असेल तेव्हाच. समजा, आज पौंड ४ डॉलर ४० सेंट आहे, आणि येत्या वर्षी इंग्लंडात ६ टक्के व अमेरिकेत २ टक्के भाववाढ होईल अशी अपेक्षा आहे. तर ४.४० ला १.०२ ने गुणून १.०६ ने भागावे. वर्षअखेर अपेक्षित रोखीचा दर सुमारे ४ डॉलर २३ सेंट येतो. चार टक्क्यांची साधी वजाबाकी केली तरी ४ डॉलर २२ सेंट येतात. तेथे एका सेंटाने काही बिघडत नाही. भावी दराचा अंदाज महागाईच्या फरकावरून बांधण्याची जी रीत आजही पेढ्यांतून व पाठ्यपुस्तकांतून चालते, ती एवढीच आहे.

पण सोपा हिशेब हाती आला की त्याचा मोह पडतो, आणि त्याने काय होऊ शकते याचे उदाहरण इंग्लंडनेच पाच वर्षांनी घालून दिले. युद्ध संपल्यापासून लंडनच्या पेढीवाल्यांची एकच आकांक्षा होती की, पौंड पुन्हा सोन्याशी बांधला जावा, आणि तोही जुन्या दराने, ४ डॉलर ८६ सेंटांनी. त्यात प्रतिष्ठेचा प्रश्न होता. पौंडावर विश्वासून ज्यांनी पैसे ठेवले त्यांना पूर्ण मोलाचा पौंड परत मिळावा, ही भावनाही होती. प्रश्न इतकाच होता की, दोन्ही देशांच्या किमती या दरास जुळतात काय?

१९२४ सालच्या घाऊक किमती पाहिल्या तर इंग्लंडचा निर्देशांक सुमारे १६६ आणि अमेरिकेचा १५० होता. वरच्याच रीतीने हिशेब केला की ४ डॉलर ३९ सेंट येतात. त्या वर्षी बाजारातील सरासरी दरही सुमारे ४ डॉलर ४२ सेंटच होता. म्हणजे कॅसल यांचा तराजू पुन्हा बरोबर ठरला, आणि तो सांगत होता की ४.८६ अजून सुमारे दहा टक्के दूर आहे.

यानंतर जे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १९२४ च्या निवडणुकीत हुजूरपक्ष विजयी झाला. हे सरकार पौंडाला जुन्या दराने सोन्यावर नेणार, अशी अटकळ बाजाराने बांधली. जो पौंड उद्या ४.८६ ला जाणार तो आज ४.५० ला घेऊन ठेवावा, हे सटोडियास कोणी शिकवावे लागत नाही. मागणी वाढली आणि पौंड चढत चढत १९२५ च्या वसंतात ४ डॉलर ८० सेंटांपर्यंत पोहोचला. या चढण्याचे कारण इंग्लंडातील किमती उतरल्या हे नव्हते; पुढे काय होणार याची अपेक्षा हे होते. महागाईच्या फरकाचा हिशेब मागे पाहून चालतो, बाजार पुढे पाहून चालतो. दोघांची गाठ पडेलच असे नाही.

आणि तरीही, १९२५ सालचे घाऊक निर्देशांक पाहावेत तर काय दिसते? इंग्लंड सुमारे १५९, अमेरिका सुमारे १५९. गुणाकार भागाकार करण्याचीही गरज नाही. उत्तर नेमके ४.८६! तेव्हा सरकारी तज्ज्ञ म्हणाले की, पाहा, किमती जुळल्याच आहेत, उरलेला किरकोळ फरक लवकरच भरून निघेल. २८ एप्रिल १९२५ रोजी अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पार्लमेंटात जुन्या दराने सुवर्णपरिमाण स्वीकारल्याची घोषणा केली.

जॉन मेनार्ड केन्स यांनी या तर्कातील भोक नेमके दाखविले. १९२३ च्या आपल्या चलनविषयक ग्रंथातच त्यांनी सांगून ठेवले होते की, क्रयशक्ती-समता ज्या वस्तूंना लावावी तिच्यावर तिचा अर्थ अवलंबून आहे. घाऊक निर्देशांकात काय असते? कापूस, गहू, तांबे, लोकर. म्हणजे जगभर हिंडणारा माल. या मालाची किंमत जागतिक बाजारात ठरते. पौंड दहा टक्के चढला की अमेरिकन कापूस लंडनमध्ये लगोलग तितकाच स्वस्त होतो, आणि निर्देशांक खाली येतो. मग तो निर्देशांक हुंडणावळीशी जुळला यात नवल ते काय? तो हुंडणावळीनेच जुळविलेला असतो. हे म्हणजे आपल्याच घड्याळावरून शेजाऱ्याने आपले घड्याळ लावावे, आणि मग दोन्ही जुळतात म्हणून आपले घड्याळ बरोबर आहे असे आपण मानावे, तसे झाले.

खरा प्रश्न होता तो न हिंडणाऱ्या किमतींचा: मजुरी, घरभाडे, रेल्वेचे दर, आणि या सर्वांतून तयार होणाऱ्या इंग्रजी मालाचा उत्पादनखर्च. हुंडणावळ एका रात्रीत दहा टक्के चढू शकते. मजुरी एका रात्रीत दहा टक्के उतरत नाही. केन्स यांनी १९२५ च्या उन्हाळ्यात ‘मिस्टर चर्चिल यांचे आर्थिक परिणाम’ या पुस्तिकेत हेच मांडले. पौंड दहा टक्के महाग करणे म्हणजे निर्यात करणाऱ्या प्रत्येक धंद्याला आपला खर्च दहा टक्के उतरविण्यास सांगणे. आणि तो उतरविण्याचा मार्ग एकच, बेकारी वाढवून मजुरांना कमी पगार घेण्यास भाग पाडणे.

सर्वांत आधी ही झळ कोळशाच्या खाणींना लागली. इंग्लंडचा कोळसा परदेशी जाई, त्याची किंमत परदेशी चलनात ठरे, आणि कोळशाच्या खर्चाचा मोठा भाग खाणकामगाराची मजुरी हाच असे. १९२५ च्या उन्हाळ्यात खाणमालकांनी मजुरी कापण्याची नोटीस दिली. सरकारने नऊ महिने आपल्या तिजोरीतून भर घालून संकट पुढे ढकलले. ३० एप्रिल १९२६ रोजी ती मदत संपली, खाणींना टाळे लागले, आणि ३ मे पासून नऊ दिवस इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला. इतर कामगार परत कामावर गेले; खाणकामगारांनी मात्र हिवाळ्याच्या तोंडापर्यंत तग धरला, आणि अखेर भुकेने हरून बहुतेक ठिकाणी कमी मजुरीवर व अधिक तासांवर ते खाणीत उतरले. हुंडणावळीच्या कोष्टकातील दहा टक्क्यांचा अर्थ त्यांच्या घरी असा पोहोचला. केवळ पौंडामुळेच हे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्मनीतील रूर प्रांताचा कोळसा पुन्हा बाजारात आला होता, आणि इंग्लंडच्या कित्येक खाणी जुनाट होत्या. परंतु अडचणीत असलेल्या धंद्याच्या डोक्यावर दहा टक्क्यांचे ओझे आणखी ठेवले गेले, हे नाकारता येत नाही. शेवटी २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोने सोडले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच पौंड साडेतीन डॉलरांच्या खाली आला.

मग केन्स यांचा ‘दहा टक्के’ हा आकडा तरी निर्विवाद होता काय? नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील राहणीखर्चासाठी केन्स यांनी मॅसॅच्युसेट्स या एका राज्याचा निर्देशांक घेतला होता. इतिहासकार डोनाल्ड मॉग्रिज यांनी पुढे दाखविले की, त्याऐवजी अमेरिकेचा दुसरा, देशव्यापी निर्देशांक घेतला असता तर तफावत बरीच कमी दिसली असती. म्हणजे घाऊक आकडे घेणारे सरकारी तज्ज्ञ जसे निवडीचे बळी होते, तसे केन्सही काही अंशी होतेच. पण त्यामुळे त्यांचा मूळ मुद्दा ढासळत नाही. तो उलट अधिक खोल जातो. १९१३ हे वर्ष पायाभूत धरताना आपण गृहीत धरतो की, तेव्हापासून केवळ किमती बदलल्या, बाकी जग तसेच राहिले. वस्तुतः त्या बारा वर्षांत इंग्लंडने परदेशांतील आपली कित्येक गुंतवणूक विकली होती, अमेरिकेचे देणेकरी होऊन बसले होते, आणि हिंदुस्थान व जपान यांच्या गिरण्यांनी लँकेशायरच्या बाजारपेठा घेतल्या होत्या. किमती अगदी तंतोतंत जुळल्या असत्या, तरी १९१३ चा दर १९२५ च्या इंग्लंडला परवडलाच असता असे नाही.

हाच वाद, हीच हत्यारे घेऊन, त्याच सुमारास मुंबईत लढला गेला; त्याचे स्मरण मराठी माणसास असावयास हवे. युद्धापूर्वी रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे पौंडास १५ रुपये. ऑगस्ट १९२५ मध्ये नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १९२६ साली १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै, हा दर कायम करण्याची शिफारस केली. कमिशनचे म्हणणे असे की, हा दर काही काळ टिकून आहे आणि देशातील किमती त्याला जुळल्या आहेत. कमिशनचे एक सभासद, मुंबईचे कापसाचे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, यांनी भिन्नमतपत्रिका जोडून हे नाकारले: किमती पुरत्या जुळलेल्या नाहीत, मजुरी तर नाहीच नाही, तेव्हा जुना दरच योग्य. त्यापूर्वीच, १९२३ साली, डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात सांगितले होते की, रुपयाची हुंडणावळ ही त्याच्या क्रयशक्तीमागोमाग चालते. तेव्हा मुळात स्थिर करावयाची ती क्रयशक्ती.

या दोन पेन्सांचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याच्या कापसाची किंमत लिव्हरपूलच्या बाजारभावाने १५ पौंड होते. पौंडास १५ रुपये असतील तर त्याचे २२५ रुपये झाले. १ शिलिंग ६ पेन्सच्या दराने तेच २०० रुपये झाले. कापूस तोच, श्रम तेच. २५ रुपये गेले. इंग्लंडहून येणारे कापड व हत्यारे त्याला थोडी स्वस्त मिळतील हे खरे. पण शेतसारा रुपयांत ठरलेला आहे, सावकाराच्या दस्तऐवजावरची रक्कम रुपयांत लिहिलेली आहे. ती कोणत्याही कमिशनने दोन पेन्सांच्या हिशेबाने कमी केली नाही. घाऊक किमती जुळल्या असे म्हणणाऱ्याने या न जुळलेल्या रकमा पाहिल्या नव्हत्या. १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सचा दर कायम झाला. १९४९ साली पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाल्याने पौंड-रुपयाचे हे नाते तसेच राहिले. पुढे भारतातील किमती इतर देशांपेक्षा वेगाने चढल्या, दर मात्र हलला नाही. आणि अखेर ६ जून १९६६ रोजी पौंड १३ रुपये ५ आण्यांच्या जागी एकदम २१ रुपयांस झाला.

तर मग या सिद्धान्ताचे मोल काय धरावे? जेथे महागाई प्रचंड असते, तेथे तो पक्का तराजू आहे. १९२० च्या आकड्यांत आपण ते पाहिले. जेथे दोन देशांच्या महागाईत वर्षाला दोनचार टक्क्यांचाच फरक असतो, तेथे त्यावरून पुढच्या वर्षाचा दर सांगणे धाडसाचे आहे. अलीकडच्या संशोधनाचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की, दर समतेपासून ढळला तर त्यातील निम्मी तफावत भरून निघण्यास सुमारे तीन ते पाच वर्षे लागतात. तोवर व्याजदर, भांडवलाची ये-जा आणि सरकारी धोरणाच्या अफवा याच दराला ओढीत असतात.

म्हणून कोणी आपणास ‘क्रयशक्तीच्या हिशेबाने रुपया इतका असावा’ असे सांगितले, तर त्यास आधी विचारावे की, पायाभूत वर्ष कोणते धरले आणि ते वर्ष खरोखर निरोगी होते काय. निर्देशांकात हिंडणारा माल आहे की मजुरी व घरभाडे आहे. आणि ज्या किमती जुळल्या म्हणता, त्या स्वतःहून जुळल्या की हुंडणावळीच्या धक्क्याने? १९२५ साली लंडनमध्ये हे तिसरे विचारणारे थोडे होते, आणि मुंबईत जे होते त्यांचे कोणी ऐकले नाही. त्याची किंमत एकीकडे वेल्सच्या खाणकामगाराने आणि दुसरीकडे वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्या शेतकऱ्याने भरली. या दोघांनीही ‘हुंडणावळ’ हा शब्द उभ्या आयुष्यात क्वचितच उच्चारला असेल.